भाडं वाढवतो कोण?

जुलैचा पाऊस, लोकल रखडलेल्या, वसई रोड स्टेशनबाहेर छत्र्यांची गर्दी. तिथून ॲप टॅक्सीने दहा किलोमीटरवर विरारला उतरताना एक ताई चिडून म्हणाल्या, “दादा, एरवी सव्वादोनशेच्या आसपास होतात. आज तीनशे एक्केचाळीस? पाऊस बघून वाढवलेत ना?” ड्रायव्हरने आपला मोबाइल पुढे केला. “ताई, मला तर दोनशे त्र्याहत्तरच दिसतायत. मी कशाला वाढवू?”

प्रसंग काल्पनिक आहे, पण हा गोंधळ खरा आहे. पावसात टॅक्सीवाला भाव वाढवतो, असं आपण धरून चालतो. पण ॲपच्या गाडीचं भाडं ड्रायव्हरच्या हातात नसतं. आपण जिथून गाडी मागवतो त्या परिसरात मागणी किती आणि मोकळ्या गाड्या किती, हे पाहून ॲप दर ठरवतं. ड्रायव्हरला नकाशावर फार तर तो भाग लाल झालेला दिसतो. ऑनलाइन पैसे भरले, तर प्रवाशाने नेमके किती मोजले हेही त्याला बऱ्याचदा कळत नाही. त्याच्या स्क्रीनवर त्याची कमाई असते.

दुसरा समज म्हणजे या वाढीला मर्यादाच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याने मुंबई महानगर प्रदेशातल्या ॲप टॅक्सींसाठी किलोमीटरला 22.72 रुपये हा तात्पुरता मूळ दर ठरवला. वसई-विरार याच प्रदेशात येतं. गर्दीच्या वेळी दर मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच नेता येतो आणि भाड्यातला किमान 80 टक्के वाटा ड्रायव्हरला मिळायला हवा. आता ताईंचं भाडं पाहा. दहा किलोमीटरचे मूळ दराने 227 रुपये, दीडपटीने 341 आणि त्यातले 80 टक्के म्हणजे 273. दोघांचेही आकडे बरोबर होते. मधले 68 रुपये कंपनीकडे राहिले.

आपलं भाडं तपासायचं तर पावतीतून टोल वगळून उरलेल्या रकमेला किलोमीटरने भागावं. उत्तर 34 रुपयांच्या बरंच वर गेलं, तर पावतीसह कंपनीकडे आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. अगदी जवळच्या फेरीत मात्र किमान भाडं लागतं, तिथे हा भागाकार फसतो.

भाव वाढला की गाड्या धावत येतात, हा समज पावसाळ्यात सगळ्यात जास्त फसवतो. इतर वेळी शेजारच्या भागातला ड्रायव्हर जास्त कमाईसाठी येतोही. पण नालासोपाऱ्यात गुडघाभर पाणी असलं आणि महामार्ग वसई फाट्याला तुंबला असला, तर गाडी येणार कुठून? तेव्हा वाढलेला दर गाड्या आणत नाही, ज्यांना तो परवडत नाही त्यांना रांगेतून बाहेर काढतो. त्या संध्याकाळी ताईंना गाडी मिळाली, कारण कुणीतरी तीनशे एक्केचाळीसचा आकडा पाहून मोबाइल खिशात ठेवला होता.