तीन रुपये कुठे गेले?

दुसरीच्या वर्गासाठी तयार केलेल्या एका वर्कशीटवर चार चित्रं आहेत असं समजा: दहाची एक नोट, पाचची दोन नाणी आणि दोनचं एक. बेरीज २२. शेवटच्या पानावरच्या उत्तरात मात्र १९ छापलंय. अशा वेळी बहुतेक जण चूक खोडून बरोबर आकडा लिहितात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. खरं तर आधी फरक काढावा. इथे तो ३ आहे आणि आपल्या चलनात एका नाण्याच्या जागी दुसरं धरून नेमका ३ चा फरक पडतो तो पाच आणि दोनची अदलाबदल झाली तरच. म्हणजे पाचचं एक नाणं कुणीतरी दोनचं समजलं.

असं होण्याचं कारण बहुधा छपाईत सापडतं. २०११ च्या मालिकेतलं पाचचं नाणं पिवळसर, तर दोनचं पांढऱ्या स्टीलचं. झेरॉक्स काढली की दोन्ही करडी. शिवाय त्या मालिकेत हातात घेतलं तर दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं, पाचचं २३ चं. म्हणजे जास्त किमतीचं नाणंच लहान! वर्कशीटवर सगळी नाणी एकाच मापाची छापतात आणि मग ओळखायला उरतो फक्त आकडा, तोही पुसट.

फरकाची ही युक्ती सगळीकडे चालत नाही. उत्तर ५ ने कमी आलं, तर दहाला पाच धरलं असेल किंवा पाचचं एक नाणं मोजायचंच राहिलं असेल. ३० ची तूट असेल तर पन्नासच्या नोटेला वीसची समजल्याचा संशय आधी घ्यावा. आणि एखाद्या मुलाने या गणिताचं उत्तर ४ लिहिलं, तर त्याने रुपये नव्हे, चित्रं मोजलीत. त्याला बेरीज पुन्हा शिकवून उपयोग नाही. पाचचं एक नाणं आणि एकची पाच नाणी समोर ठेवून, दोन्हींवर सारखीच गोळी मिळते हे दाखवावं लागतं.

सर्वांत फसवी वर्कशीट म्हणजे जिचं उत्तर बरोबर असतं. एका पाचला दोन धरलं, दुसऱ्या दोनला पाच, की बेरीज जुळतेच. म्हणून तपासताना आधी प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने किंमत लिहावी, बेरीज मागाहून करावी. त्याच फेरीत २५ चं नाणंही पकडलं जातं. अमेरिकेत पंचवीस सेंटचं नाणं रोज वापरतात. तिकडचा नमुना उचलून नुसतं रुपयाचं चिन्ह चिकटवलं की ते आपल्या मुलांच्या वहीत येतं. दुकानात मात्र पंचवीस द्यायला मुलाला वीस आणि पाचच काढावे लागतात.