बोरिवलीपेक्षा अलिबाग जवळ

गेटवे ऑफ इंडियापासून बोरिवली लांब की अलिबाग? मुंबईकर डोळे मिटून अलिबागचं नाव घेईल. नकाशावर पट्टी ठेवली तर मात्र उत्तर उलटं येतं.

हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो. गेटवे साधारण 18.92 उत्तर अक्षांशावर आहे, अलिबाग 18.64 वर. फरक 0.28 अंशांचा. एक अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे दक्षिणेकडे 31 किलोमीटर. रेखांशाचा फरक किरकोळ, तो धरला तरी अंतर 31-32 च्या पुढे जात नाही. बोरिवली 19.23 अक्षांशावर आहे, म्हणजे गेटवेपासून उत्तरेला 34 किलोमीटरहून थोडी जास्तच.

तरीही बोरिवली जवळ वाटते, कारण रेल्वे जवळजवळ सरळ रेषेत धावते. चर्चगेट ते बोरिवली हा लोहमार्ग 34 किलोमीटरचा आणि दोन्ही स्थानकांमधलं सरळ अंतर 33 च्या आसपास. जलद लोकल तासाभरात पोचवते. अलिबागला गाडीनं जायचं तर हेच 31 किलोमीटर जवळपास शंभरावर जातात. वाटेत पाणी दोनदा आडवं येतं. आधी मुंबईचं बंदर आणि त्याला लागून ठाण्याची खाडी आहे. म्हणून दक्षिणेला जायचं असूनही गाडी प्रथम उत्तरेला धरायची, वाशीचा पूल ओलांडायचा आणि पनवेल गाठायचं. मग धरमतरची खाडी. तिचं मुख रुंद, म्हणून रस्ता पेणवरून वडखळपर्यंत आत जातो, खाडी अरुंद होते तिथे पूल ओलांडतो आणि पुन्हा समुद्राच्या दिशेनं अलिबागला येतो.

जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते चिर्ले हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि यातला पहिला वळसा बराच कापला गेला. दुसरा तसाच आहे. सेतूवरून झरझर उतरलेली गाडी शनिवारी सकाळी पेण-वडखळच्या रांगेत उभी राहते, आणि ॲपनं दाखवलेले अडीच तास चारावर जातात.

पाण्यावरून मात्र गणित निराळं. गेटवे ते मांडवा जेट्टी हे सरळ अंतर जेमतेम 14 किलोमीटर, आणि लाँचला किंवा कॅटामरानला तास लागतो. म्हणजे वेग शहरातल्या सायकलीइतकाच. तरीही ती मोटारीच्या पुढे राहते, कारण तिला वळसाच नाही. मांडव्याहून अलिबाग आणखी वीसेक किलोमीटर. काही कंपन्यांच्या तिकिटात ही बसही धरलेली असते. बसचा पाऊण तास आणि धक्क्यावर थांबण्याचा अर्धा तास मिळवला की प्रवास सव्वादोन तासांचा होतो. नुसता ‘एक तास’ असं सांगणारा मांडव्याच्या धक्क्यापर्यंतचंच सांगत असतो. अलिबागच्या चौकात उभं राहायला किती वेळ लागेल, हे त्यात येत नाही.

हे उत्तरही बारमाही नाही. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा गेटवेच्या लाँच सुमारे तीन महिने बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून 2020 मध्ये सुरू झालेली रो-रो बोट मोठी असते, मोटारीही नेते आणि हवामान साथ देईल तेव्हा पावसातही चालते. वादळाचा इशारा आला की तीही थांबते आणि अलिबागकराला पुन्हा वडखळचा रस्ता धरावा लागतो. रात्रीही तेच. रात्री उशिरा गेटवेहून लाँच मिळत नाही. या किनाऱ्यावर ज्यांना तातडीनं मुंबईच्या रुग्णालयात जायचं असतं त्यांच्यासाठी हा फरक जिवाचा आहे. अंतराच्या एका आकड्यावर विसंबून त्यांना चालत नाही.

त्यात ‘मुंबई’ म्हणजे कुठली, हा प्रश्न उरतोच. कुलाब्यात राहणाऱ्याला गेटवे दाराशी, त्यामुळे लाँच निर्विवाद सोयीची. बोरिवलीकराचं तसं नाही. लोकलचा तास, चर्चगेटहून टॅक्सीची पंधरा-वीस मिनिटं आणि पुढचे सव्वादोन तास धरले की साडेतीन तास सहज जातात. त्यातही अलिबागच्या दिशेनं निघाल्यापासून गेटवेपर्यंतचे पहिले 34 किलोमीटर गर्दीच्या डब्यात काढायचे. त्याच वेळेत तो ऐरोलीच्या पुलावरून पनवेलमार्गे मोटारीनं अलिबागला पोचू शकतो, अर्थात वडखळला गर्दी नसेल तर. म्हणून त्यानं लाँचचं वेळापत्रक आणि पेणची वाहतूक, दोन्ही निघण्याआधी पाहावीत. शनिवारी पहाटे सहाच्या आत निघणार असेल तर रस्ता धरावा, दहानंतर निघणार असेल तर गेटवे.