पार्सल अडीच किलोचं, बिल सहा किलोचं! कुरियरवाले वजन नेमकं कसं धरतात?

घरच्या काट्यावर पार्सल अडीच किलोसुद्धा भरत नाही आणि कुरियरच्या दुकानातला मुलगा मात्र सहा किलोचे पैसे सांगतो. अशा वेळी 'काटा खोटा आहे' असा वाद हमखास होतो. पण बहुतेक वेळा काटा खरा असतो. पैसे काट्यावरच्या वजनाचे नसून खोक्याच्या आकाराचे लावलेले असतात.

कडब्याचं उदाहरण घ्या. टेम्पोत कडबा भरला तर टेम्पो शिगोशीग भरतो, पण वजन फारसं होत नाही. त्याच टेम्पोत सिमेंटची पोती टाकली तर हौदा अर्धाही भरत नाही आणि वजनाची मर्यादा मात्र संपते. म्हणून टेम्पोवाला कडब्याचं भाडं वजनावर नाही, जागेवर सांगतो. कुरियर कंपनी हेच करते, फक्त ती जागेचा हिशोब किलोत मांडते. त्याला व्हॉल्युमेट्रिक वेट म्हणतात, म्हणजे आकारावरून काढलेलं वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. पावतीवर ते 'चार्जेबल वेट' म्हणून येतं.

हिशोब सोपा आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. येतं ते उत्तर किलोत.

आता समजा, एका बचत गटाला बेंगळुरूहून दोन किलो कुरडयांची ऑर्डर आली. कुरडई हलकी आणि ठिसूळ, म्हणून ताईंनी किराणा दुकानातून बिस्किटाचं रिकामं खोकं आणलं. खाली कुरडया, वर उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे. काट्यावर सगळं मिळून भरलं २ किलो ४०० ग्रॅम. अर्ध्या किलोला ४० रुपये दर आहे असं धरू. (हा दर फक्त हिशोबासाठी घेतला आहे. खरा दर गाव, अंतर आणि कंपनीप्रमाणे बदलतो.) दर अर्ध्या किलोला असेल तर सुरू झालेला प्रत्येक अर्धा किलो पूर्ण धरतात. म्हणून २ किलो ४०० ग्रॅमचे झाले अडीच किलो, म्हणजे पाच अर्धे, म्हणजे २०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३६ रुपये. ताईंनी गिऱ्हाइकाकडून तेवढेच घेतले.

खोकं होतं ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, २५ उंच. गुणाकार ३०,०००. भागिले ५०००, उत्तर ६ किलो. म्हणजे बारा अर्धे, ४८० रुपये, जीएसटीसह ५६६ रुपये ४० पैसे. वरचे ३३० रुपये ४० पैसे गटाच्या खिशातून गेले. दोन किलो कुरडयांवर सुटणारा नफा असा भाड्यातच जिरतो.

प्रकरण इथेच थांबेल असंही नाही. दुकानात टेपने मोजलेलं माप शेवटचं नसतं. मोठ्या गोदामात अनेकदा पार्सल मशीनखालून जातं आणि पुन्हा मोजलं जातं. मशीन सगळ्यात बाहेर आलेला भाग धरतं. खोकं ठासून भरल्यामुळे बाजू फुगल्या, झाकण वर आलं, वर चिकटपट्टीचे दोन-चार थर बसले, आणि तिन्ही बाजू एकेक सेंटिमीटरने वाढल्या असं समजा. ४१ गुणिले ३१ गुणिले २६, म्हणजे ३३,०४६. भागिले ५०००, ६ किलो ६०० ग्रॅमच्या किंचित वर. अर्ध्या किलोच्या हिशोबाने ते थेट ७ किलो. एका सेंटिमीटरच्या फुगवट्याने दोन अर्धे वाढले, म्हणजे ८० रुपये आणि वर जीएसटी. हा फरक नंतर खात्यातून वळता होतो किंवा पुढच्या बिलात लागतो, तेव्हा 'हे कुठून आलं' ते कळत नाही. म्हणून माप घ्यायचं ते रिकाम्या खोक्याचं नाही, चिकटपट्टी मारून झाल्यावरचं.

मग पैसे वाचवायचे कसे? ताईंच्या खोक्यात कुरडया १६ सेंटिमीटरपर्यंतच होत्या, वरचे ९ सेंटिमीटर नुसते कागदाचे बोळे. म्हणजे गटाने कागद बेंगळुरूला पाठवायचे पैसे भरले! खोक्याचे चारही कोपरे कटरने वरून खाली चिरायचे, कडा आत दुमडायच्या आणि उंची १६ वर आणायची. ४० गुणिले ३० गुणिले १६, म्हणजे १९,२००. उत्तर ३ किलो ८४० ग्रॅम, धरतात ४ किलो. भाडं ४८० वरून ३२० रुपयांवर येतं. ठिसूळ मालाला थोडी गादी लागतेच, पण ती दोन बोटांची पुरे.

इथे एक बारकावा आहे. या खोक्याच्या तळाला उंचीचे साधारण दोन सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलो. उंची १६ ची १५ केली तरी उत्तर ३ किलो ६०० ग्रॅम येतं आणि पैसे ४ किलोचेच लागतात. १४.५ केली तरच साडेतीन किलोत बसतं. म्हणून कापायच्या आधी हिशोब करा, नाहीतर कुरडया चेपतील आणि भाडं तेवढंच राहील.

खोकं कापायचं नसेल तर दुसरी वाट आहे, आणि गटाच्या दृष्टीने ती जास्त फायद्याची. सहा किलोचे पैसे भरतोच आहोत, तर त्या ९ सेंटिमीटरच्या जागेचा उपयोग करायचा. गिऱ्हाइकाला पापड किंवा मसालाही घ्यायचा आहे का, ते विचारायचं. आणखी तीन किलो जड माल भरला तरी काट्यावर साडेपाच किलोच होतात आणि भाडं वाढत नाही. जड माल मात्र खाली ठेवायचा, कुरडया वर.

इंचांत माप घेणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. १६ गुणिले १२ गुणिले १० इंच, म्हणजे १९२०. याला ५००० ने भागलं तर अर्धा किलोही येत नाही आणि माणूस खूश होतो. इंचांत मोजलं तर ३०५ ने भागायचं. तेव्हा खरं उत्तर येतं, जवळजवळ ६ किलो ३०० ग्रॅम, आणि पैसे साडेसहा किलोचे.

५००० हा आकडा खूप ठिकाणी चालतो, पण सगळीकडे तोच असतो असं नाही. कंपनीप्रमाणे आणि विमानाने की रस्त्याने यावरून तो बदलतो. ४००० ने भागणाऱ्याकडे ताईंचं तेच खोकं साडेसात किलोचं होतं, म्हणजे ६०० रुपये. म्हणून दोन दुकानांचे दर विचारताना 'अर्ध्या किलोला किती' एवढंच विचारून भागत नाही. 'कितीने भागता?' हेही विचारा. ३५ रुपये दर सांगणारा ४००० ने भागत असेल तर त्याचं बिल ५२५ होतं, ४० रुपयेवाल्याच्या ४८० पेक्षा जास्त.

पार्सल देण्याआधी ते काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा एक फोटो काढा, आणि तिन्ही बाजूंना टेप लावून तीन फोटो. पावतीवर लांबी, रुंदी, उंची आणि चार्जेबल वेट लिहून घ्या. नंतर जास्तीचं वजन लावलं गेलं तर कंपनीकडे तक्रार करताना हेच फोटो दाखवावे लागतात, आणि तोवर पार्सल बेंगळुरूला उघडलेलंही असतं.