विश्लेषण : स्मार्ट स्विचचा दिवा मध्यरात्री आपोआप का लागतो?

नावडे वसाहतीतील नव्या-जुन्या इमारतींमध्ये जुन्या स्विचबोर्डामागे वायफाय मॉड्यूल बसवून घेण्याचे प्रमाण वाढले आहे. मोबाइलवरून दिवा लावता येतो, बोर्ड बदलावा लागत नाही आणि खर्चही फार नाही. पण काही दिवसांनी एक तक्रार हमखास येते. रात्री दोनला हॉलचा दिवा आपोआप लागतो किंवा जेवताना मध्येच विझतो. घरातल्यांचा पहिला संशय ‘कुणी हॅक केले का’ हा असतो. पासवर्ड बदलला जातो, राउटर बदलला जातो, तरी दिवा ऐकत नाही. याचे कारण बहुतेक वेळा वायफायमध्ये नसते, तर बोर्डातील वायरिंगमध्ये असते.

दिवा कोण लावतो?

बहुतेक प्रसंगी दिवा लावण्याचा आदेश कुणीच दिलेला नसतो. स्विचमधील छोटा संगणक क्षणभर वीज न मिळाल्याने बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. सुरू होताना रिले कोणत्या स्थितीत ठेवायचा, हे `Power-on State` या सेटिंगवर ठरते. तिथे `On` असेल तर प्रत्येक रीस्टार्टनंतर दिवा लागतो. `Off` असेल तर लागलेला दिवा विझतो.

हे ओळखणे सोपे आहे. अॅपमधील नोंदी उघडाव्यात. दिवा लागला त्या मिनिटाला उपकरण ‘ऑफलाइन’ होऊन पुन्हा ‘ऑनलाइन’ झालेले दिसले, तर तो रीस्टार्ट आहे. त्याऐवजी टायमर किंवा दुसऱ्या मोबाइलचे नाव दिसले, तर वायरमनला बोलावण्याची गरज नाही. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आहे. घरातील सगळी मॉड्यूल एकाच वेळी रीस्टार्ट झाली, तर दोष मुख्य पुरवठ्यात किंवा न्यूट्रलमध्ये शोधावा. एकच मॉड्यूल त्रास देत असेल, तर त्याच्यावरचा दिवा किंवा ते मॉड्यूलच संशयित आहे.

सात वॅटच्या दिव्याची अडचण

जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये दिव्याच्या स्विचपर्यंत फक्त फेज येतो. न्यूट्रल थेट दिव्याकडे जातो. साध्या स्विचला त्याने फरक पडत नाही, कारण तो वीज खात नाही. वायफाय स्विचला मात्र दिवा बंद असतानाही जागे राहावे लागते. न्यूट्रल नसलेल्या ठिकाणी चालणारी मॉड्यूल ही वीज दिव्यातूनच, मिलिअँपिअरच्या हिशेबात, ओढून घेतात.

एक उदाहरण घेऊ. हॉलमध्ये पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. थंड असताना त्याच्या तारेचा रोध जेमतेम ६०-७० ओहम असतो. त्यातून काही मिलिअँपिअर गेले तर बल्बला पत्ताही लागत नाही आणि मॉड्यूलला जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळते. त्याच होल्डरमध्ये ७ वॅटचा एलईडी लावला की चित्र बदलते. एलईडीच्या आत ड्रायव्हर आणि कपॅसिटर असतो. झिरपणाऱ्या प्रवाहाने तो कपॅसिटर हळूहळू भरतो, ठरावीक पातळीला ड्रायव्हर जागा होतो, दिवा क्षणभर लुकलुकतो आणि कपॅसिटर रिकामा होतो. मग पुन्हा तेच. या चढउतारात मॉड्यूललाही वीज सरळ मिळत नाही. त्यातच वायफायने सिग्नल पाठवला की चिपला क्षणभर काहीशे मिलिअँपिअर लागतात, आतला साठा संपतो आणि रीस्टार्ट होतो.

तपासण्यासाठी होल्डरमध्ये जुना ६० वॅटचा बल्ब दोन दिवस लावून बघावा. त्रास थांबला तर दोष छोट्या भाराचा. उपाय म्हणून दिव्याजवळ, त्याच्या दोन टोकांमध्ये, बायपास कपॅसिटर बसवतात. काही कंपन्या तो मॉड्यूलसोबतच देतात. ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ३४ मिलिअँपिअर वाहू शकतात, म्हणजे मॉड्यूलला आधार मिळतो. तो एक्स-२ वर्गाचाच, किमान २७५ व्होल्ट एसीचा हवा. पंख्याचा किंवा दुरुस्तीच्या दुकानातला मिळेल तो कपॅसिटर तिथे लावू नये.

त्याहून पक्का उपाय म्हणजे न्यूट्रलवर चालणारे मॉड्यूल. आपल्याकडे स्विचबोर्डात बहुधा एक प्लग पॉइंट असतोच आणि तिथे न्यूट्रल आलेला असतो. तो त्याच सर्किटचा असेल तर मॉड्यूलला देता येतो. दुसऱ्या सर्किटचा घेतला तर आरसीसीबी विनाकारण ट्रिप होतो. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची हिरवी वायर वापरणारे कारागीरही भेटतात. त्यांना थांबवावे. अर्थिंग तुटले तर उपकरणांच्या धातूच्या भागांवर वीज येऊ शकते.

न्यूट्रल ढिला असेल तर?

हा भाग घरातल्यांनी सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. पनवेल-तळोजा पट्ट्यातील दमट पावसाळ्यात स्क्रू गंजतात, जोड सैल होतात. समजा, मुख्य बोर्डातील न्यूट्रलच्या जोडात एक ओहम रोध आला. २००० वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. म्हणजे त्या जोडावर जवळपास नऊ व्होल्ट पडतात आणि तिथे सुमारे ७५ वॅटची उष्णता तयार होते. एका स्क्रूवर एवढी उष्णता म्हणजे इन्सुलेशन वितळण्याची सुरुवात.

नऊ व्होल्टच्या घटीने मॉड्यूल बंद पडत नाही. चांगले मॉड्यूल शंभर-सव्वाशे व्होल्टलाही चालते. ते बंद पडते ते जोड क्षणभर सुटल्यामुळे. आतला साठा थोड्याच क्षणांचा असतो. जोड दशांश सेकंद सुटला तरी दिवा नुसता लपकतो, पण मॉड्यूल रीस्टार्ट होते. म्हणून ‘गीझर लावला की हॉलचा दिवा लागतो’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

परवानाधारक वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. गीझर बंद असताना ते एक-दोन व्होल्ट असेल आणि सुरू केल्यावर दहा-वीसवर गेले, तर न्यूट्रल कमजोर आहे.

इमारतीचा मुख्य न्यूट्रल तुटला तर प्रकरण दिव्यापुरते राहत नाही. दोन फेजवरचे दोन फ्लॅट तेव्हा एकामागे एक जोडल्यासारखे होतात. त्यांच्यात ४०० व्होल्ट भाराच्या उलट प्रमाणात वाटले जातात. एका घरात २००० वॅटचा गीझर आणि दुसऱ्यात फक्त २०० वॅटचे दिवे-टीव्ही असतील, तर दुसऱ्या घरात साडेतीनशे व्होल्टच्या वर जाऊ शकतात. काही दिवे मंद आणि काही भगभगीत दिसले, तर मुख्य स्विच आधी बंद करावा, बाकी विचार नंतर.

दोष मॉड्यूलचाच असतो तेव्हा

वायरिंग ठीक, दिवा मोठा, तरी एकच मॉड्यूल वर्षा-दोन वर्षांनी चाळे करू लागले, तर त्याचा अंतर्गत पॉवर सप्लाय म्हातारा झालेला असतो. बंद बोर्डात, पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी ते सतत गरम राहते आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतो. स्वस्त मॉड्यूलमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी एका कपॅसिटरवरच व्होल्टेज पाडलेले असते. त्याची क्षमता वर्षागणिक घटते. तेच मॉड्यूल दुसऱ्या बोर्डात लावूनही रीस्टार्ट होत असेल, तर ते बदलावे.

तोपर्यंत `Power-on State` हे `Off` करून ठेवता येते. रात्री दिवा लागायचा थांबेल, रीस्टार्ट मात्र सुरूच राहतील. अॅपमधील ‘ऑफलाइन’च्या नोंदी त्यानंतरही बघाव्या लागतील. सगळ्या घरात एकदम असे होत असेल आणि शेजाऱ्यांकडेही दिवे लपकत असतील, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर ‘न्यूट्रल लूज’ अशी नेमकी तक्रार नोंदवावी. मीटरनंतरची वायरिंग ग्राहकाची. मीटररूममधील सोसायटीच्या पॅनेलवरचे स्क्रू मात्र सोसायटीनेच वायरमनकडून तपासून घ्यायचे असतात.