गावाच्या दहा टक्क्यांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. हा नियम बहुतेक सरपंचांना आणि सदस्यांना तोंडपाठ आहे. अंदाजपत्रकात त्याची ओळही असते आणि ती मंजूरही होते. मात्र त्या ओळीतले पैसे खरोखर खर्च झाले का, आणि झाले असतील तर ते बाईपर्यंत पोहोचले का, हे गावातल्या फार थोड्या लोकांना सांगता येते. ‘जेंडर बजेट’ हे शब्द दिल्ली-मुंबईचे वाटतात, पण त्याची सगळ्यात छोटी आणि तपासायला सगळ्यात सोपी आवृत्ती ग्रामपंचायतीच्या कपाटात दरवर्षी तयार होत असते.

सरकारच्या एकूण खर्चातला बायकांचा वाटा शोधण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वाटा आधीच ठरवून बाजूला काढला जातो. महाराष्ट्राचे दहा टक्के हे तिचेच उदाहरण. दुसरीत आधी सगळा खर्च ठरतो आणि नंतर कुठली योजना बायकांसाठी किती, हे ठरवून तिच्यावर तसा शिक्का मारला जातो. केंद्र सरकार 2005-06 पासून अर्थसंकल्पासोबत जेंडर बजेटचे जे विवरणपत्र मांडते, ते या दुसऱ्या पद्धतीचे आहे. त्याच्या ‘अ’ भागात पूर्णपणे महिलांसाठी असलेल्या योजना येतात, तर ज्यांचा किमान 30 टक्के भाग महिलांसाठी आहे अशा योजना ‘ब’ भागात येतात. त्याहून कमी वाटा असलेल्या योजनांसाठी 2024-25 मध्ये ‘क’ भाग जोडला गेला.

शिक्का कुठे मारायचा, यावर सारे अवलंबून असते. प्रधानमंत्री आवास योजनेतली घरे शक्यतो घरातल्या बाईच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर दिली जातात, म्हणून या योजनेचा पूर्ण खर्च ‘अ’ भागात धरला गेला. 2023-24 च्या विवरणपत्रात ‘अ’ भागाचा सर्वांत मोठा हिस्सा याच योजनेचा होता. घर बाईच्या नावावर होणे ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण त्या घरात नवरा आणि मुलेही राहतात. सगळी रक्कम ‘शंभर टक्के महिलांसाठी’ म्हणून मोजली की आकडा फुगतो आणि हिंसाचारग्रस्त महिलांसाठीची केंद्रे, वसतिगृहे यांच्यावरचा तुटपुंजा खर्च त्या मोठ्या आकड्याआड दिसेनासा होतो.

वाटा आधीच बाजूला काढला तर ही अडचण टळेल, असे वाटते. केरळने तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. लोकनियोजन मोहिमेत 1997-98 पासून तिथल्या पंचायतींना आणि नगरपालिकांना आपल्या योजना-निधीतला किमान दहा टक्के भाग महिला घटक योजनेसाठी ठेवणे बंधनकारक झाले. पहिल्या वर्षी अनेक पंचायतींना तेवढे जमले नाही. जिथे टक्केवारी भरत नव्हती, तिथे सगळ्या गावाच्या उपयोगाची कामेही महिलांच्या खात्यात दाखवण्याकडे कल होता. त्यातून केरळने घेतलेला धडा सरळ आहे: टक्का ठरवून भागत नाही, त्यात कुठले काम बसते आणि कुठले नाही, याची व्याख्याही तितकीच काटेकोर लागते.

महाराष्ट्रातला दहा टक्क्यांचा हिशेब कसा चालतो, हे एका काल्पनिक गावाच्या आकड्यांवरून पाहू. या गावाची घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे असे मिळून वर्षाला 8 लाख रुपये जमतील, असा अंदाज ग्रामपंचायतीने नमुना 1 मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकात, धरला. त्याच्या दहा टक्क्यांप्रमाणे ‘महिला व बालकल्याण’ या शीर्षाखाली 80 हजारांची तरतूद झाली. शासनाकडून योजनांसाठी येणारे अनुदान यात धरायचे नसते. हा वाटा फक्त गावाच्या स्वतःच्या कमाईचा असतो.

पहिली फट इथेच पडते. तरतूद अंदाजावर होते, खर्च मात्र प्रत्यक्ष वसुलीवर. घरपट्टीची बरीचशी वसुली फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरोघरी फिरून होते. समजा, वर्षअखेर 8 लाखांऐवजी 5 लाख 20 हजारच जमले. मग दहा टक्के होतात 52 हजार. तेही बहुतांशी वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत हाती येतात, त्यामुळे खर्चाची घाई उडते. पंधरा-वीस दिवसांत पैसे संपवायचे असले की सहा महिन्यांचे प्रशिक्षण आखता येत नाही, वस्तू मात्र विकत घेता येतात. मार्चमध्ये अंगणवाडीसाठी खुर्च्या आणि खेळणी येण्याचे कारण पुष्कळदा हे वेळापत्रकच असते.

आता या गावाने खर्च केलेले 45 हजार पावत्यांवरून पाहू. अंगणवाडीची खेळणी आणि वजनकाटा 22 हजार. महिला मेळाव्याचा मंडप, ध्वनिक्षेपक आणि नाश्ता 11 हजार. शिवणकामाच्या प्रशिक्षकाचे मानधन आणि साहित्य 12 हजार. कागदावर या गावाची कामगिरी चांगली दिसते, कारण 52 हजारांपैकी 45 हजार खर्च झाले आहेत. पण गावातल्या बाईच्या हाती कौशल्य किंवा कमाई देणारा खर्च फक्त 12 हजारांचा आहे. म्हणजे एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के नव्हे, जेमतेम सव्वादोन टक्के.

वजनकाटा घेणे चूक नाही. कुपोषण वेळेवर लक्षात यायचे तर अंगणवाडीत तो हवाच. अडचण शीर्षाची आहे. ‘महिला’ आणि ‘बालकल्याण’ एकाच ओळीत असल्यामुळे मुलांवरचा खर्च आपोआप बायकांच्या नावावर मोजला जातो. ग्रामपंचायतीने त्याच ओळीखाली ‘महिला’ आणि ‘बालके’ अशा दोन उपशीर्षांत रक्कम लिहिली, तर हे चित्र पहिल्याच महिन्यात स्वच्छ दिसू लागेल.

उरलेल्या 7 हजारांचे काय? ते सर्वसाधारण शिलकीत विरघळू न देता पुढच्या वर्षी त्याच शीर्षाखाली, नव्या दहा टक्क्यांच्या जोडीला आले पाहिजेत. सगळ्यात जास्त पैसा याच टप्प्यावर नजरेआड होतो. पाच-सात हजार म्हणून कुणी विचारत नाही, आणि दरवर्षी एवढेच उरत गेले तर सात-आठ वर्षांत ते एका पूर्ण वर्षाच्या वाट्याइतके होऊन बसतात.

हे सगळे शोधायला वेगळी चौकशी करावी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या हिशेबासाठी 33 नमुने ठरलेले आहेत. त्यातला नमुना 28 हा मागासवर्गीयांसाठीच्या 15 टक्के आणि महिला व बालकल्याणाच्या 10 टक्के खर्चाचे मासिक विवरण आहे. हा कागद दर महिन्याला भरला गेला, तर वसुलीसोबत दहा टक्के किती होतात, त्यातले किती खर्च झाले आणि किती बाकी आहेत, हे एप्रिलपासूनच कळत राहते. तो वर्षअखेरीस एकदम बसून भरला, तर माहिती तीच असली तरी तिचा उपयोग संपलेला असतो. खर्चाची खातरजमा करायची तर नमुना 28 मधली रक्कम नमुना 5 च्या रोकडवहीतल्या त्याच तारखेच्या नोंदीशी आणि पावतीशी ताडून पाहायची. तिन्ही जुळले, तर पैसा निघाला हे नक्की.

पैसा निघाला, याचा अर्थ तो पोहोचला असा होत नाही. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्या शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलींना सायकल अशा योजना राबवतात. पूर्वी वस्तू एकदम खरेदी करून वाटल्या जात. डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानंतर लाभार्थी बाईने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, पावती द्यायची आणि मग पैसे तिच्या बँक खात्यात जमा व्हायचे, अशी पद्धत आली. खरेदीतले गैरप्रकार रोखायला हा मार्ग उपयोगी पडला. पण ज्या बाईकडे गिरणीसाठी आधी पैसे घालण्याची ऐपत नाही, ती या पद्धतीत मागे पडते. खर्चाचा तक्ता हे दाखवत नाही. ते लाभार्थी यादीतून दिसते. निवड झालेल्यांपैकी किती जणींनी प्रत्यक्ष वस्तू घेतली आणि कुणी नाव काढून घेतले, हे दोन आकडे शेजारी ठेवले की योजना कुणाला वगळते आहे, ते समजते.

शिवाय दहा टक्क्यांवर सगळे लक्ष राहिले की उरलेल्या नव्वद टक्क्यांकडे दुर्लक्ष होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. घरात पाणी भरण्याचे काम मुख्यतः बायकांकडे असते, त्यामुळे नळाची वेळ, विहिरीची जागा, गटाराचा मार्ग या निर्णयांनी त्यांच्या दिवसाचे तास वाढतात किंवा कमी होतात. हा सगळा खर्च महिलांच्या शीर्षात मोजला तर केंद्राच्या विवरणपत्रासारखा आकडा फुगेल. त्यापेक्षा तो तिथेच ठेवून त्याच्या कामाच्या नोंदीत एक प्रश्न विचारणे बरे: या कामाने बायकांचा वेळ, अंतर किंवा धोका किती कमी झाला? मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने असाच प्रश्न विचारला होता. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना मात्र त्याच शरीरधर्मासाठी पैसे, ही तफावत तिने पुढे आणली. शौचालयांवर खर्च होत होता. बाई आणि पुरुष असे वेगळे मोजल्यावरच त्यातला अन्याय दिसला.

गावात हे विचारण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यायची असते. गावाच्या विकास आराखड्यातली आणि वित्त आयोगाच्या पैशातली कामे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. स्वतःच्या उत्पन्नातल्या दहा टक्क्यांसाठी मात्र ग्रामपंचायतीच्या दप्तरातच जावे लागते.

म्हणून येत्या महिला ग्रामसभेत बायकांनी चार गोष्टी मागाव्यात: या वर्षी आजपर्यंत झालेल्या वसुलीचा आकडा, मागच्या महिन्याचा नमुना 28, महिला आणि बालके यांच्यावरच्या खर्चाची वेगळी बेरीज, आणि मागच्या वर्षाची न खर्चलेली बाकी. ग्रामपंचायतीकडून उत्तर मिळाले नाही, तर हीच माहिती माहितीच्या अधिकारात लेखी मागता येते. ही मागणी मार्चमध्ये नव्हे, ऑगस्टमध्येच करावी, कारण तेव्हा वर्षाचे सात महिने हाती असतात आणि पैसा कुठे लावायचा हे अजून ठरवता येते.