हिंदीतली पहिली गोष्ट

‘मीना बाज़ार जाती है। वह दो आम लेती है। उसका घर बड़ा है।’

नवशिक्यांची गोष्ट अशी वर्तमानकाळातच ठेवलेली बरी. भूतकाळात ‘मीना ने दो आम लिए’ झालं, की क्रियापद मीनाला सोडून आंब्यांमागे जातं आणि परदेशी वाचक अडखळतो. मराठी वाचकाला ही रचना घरचीच. त्याची खरी अडचण लिंगाची. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून आपलं ‘मोठं घर’ तिथे ‘बड़ा घर’ होतं. त्यामुळे शेवटच्या शब्दसूचीत नुसता अर्थ पुरत नाही. ‘घर (पु.)’, ‘रोटी (स्त्री.)’ असं लिंगही हवंच. गोष्टीत ‘जाती’ आलं, तरी सूचीत शेजारी ‘जाना’ हे मूळ रूप द्यावं. शब्दकोशात तेच सापडतं.