तीस हजार मिळाले, पण कोणत्या बिलाचे?

सुरतेच्या उत्तरेला, तापी ओलांडून अमरोलीला लागून कोसाड आहे. सुरतेच्या कापडधंद्यावर खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं जगतात. या धंद्यात बिल एकरकमी चुकतं होणं विरळाच. पेमेंट तुकड्यातुकड्यानं येतं, आणि प्रत्येक तुकड्यामागे एक प्रश्न येतो: ही रक्कम कशापोटी धरायची? भारतीय करार कायदा, १८७२ मधली ५९ ते ६१ ही तीन छोटी कलमं केवळ याच प्रश्नासाठी आहेत.

समजा, कोसाडमधल्या एका एम्ब्रॉयडरी कारखानदाराची एका व्यापाऱ्याकडे जॉबवर्कची तीन बिलं थकली आहेत: एप्रिलचं बिल क्र. ११२, १८,००० रुपये, मेचं क्र. १२७, २४,०००, जूनचं क्र. १३९, १५,०००. एकूण ५७,०००. चौदा जुलैला खात्यात ३०,००० जमा होतात आणि कारखानदार घाईत लिहून पाठवतो, 'शेठ, तीस हजार मिळाले. बाकीचं लवकर करा.'

यात खोटं काहीच नाही, पण 'बाकीचं' म्हणजे किती, हे दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळं धरलेलं असू शकतं. व्यापाऱ्याच्या मते खराब निघालेल्या मालाचे पैसे कापून हिशेब जवळपास मिटला असेल, तर कारखानदाराच्या वहीत २७,००० उभे असतील.

कायदा पहिला मान पैसे देणाऱ्याला देतो. त्याने 'हे जूनच्या बिलाचे' असं सांगून पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते जूनच्याच बिलात जमा करावे लागतात. सांगणं तोंडी असावं असंही नाही, परिस्थितीही बोलते. तीन बिलांत १५,००० चं एकच बिल आहे. ते देय झालेल्या दिवशी नेमके १५,००० आले, तर ते त्याच बिलाचे धरले जातील. देणारा गप्प राहिला आणि परिस्थितीतूनही काही कळलं नाही, तर निवड घेणाऱ्याची. मुदत उलटून गेलेल्या येण्यातही तो रक्कम जमा करू शकतो. दोघंही गप्प राहिले, तर जुनं देणं आधी फिटतं. एकाच तारखेची देणी असतील तर प्रमाणात वाटणी होते.

म्हणून त्या घाईच्या ओळीच्या जागी असं लिहावं:

'आपल्याकडून दि. १४ जुलै रोजी बँकेमार्फत ३०,००० रुपये मिळाले. आपण बिल क्रमांक न कळवल्याने रक्कम अशी जमा केली आहे: बिल क्र. ११२ पोटी १८,००० (पूर्ण), बिल क्र. १२७ पोटी १२,०००. आता क्र. १२७ चे १२,००० व क्र. १३९ चे १५,००० मिळून २७,००० रुपये १४ जुलैअखेर येणे आहे.'

'कळवल्याने' आधीचा 'न' इथे महत्त्वाचा आहे, कारण निवड आपण का केली याचं उत्तर त्यात आहे. तारीख हवी, नाहीतर बाकी कोणत्या दिवसाची हे कळत नाही. पैसे चेकने आले असतील, तर 'चेक वटल्यावर जमा' असं लिहावं. 'हिशेब पूर्ण' हे शब्द मात्र चुकूनही येऊ नयेत. व्याज ठरलेलं असेल तर त्यातलं किती जमा केलं, तेही वेगळं लिहावं; व्याज मुद्दलात मिसळलं की पुढचं सगळं गणित वादात पडतं. पाच हजारांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीटही लागतं.

इतकं नेटकं लिहूनही एक गोष्ट राहते, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. अशा वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. मुदतीत अंशतः पैसे आले की ती नव्याने मोजता येते; पण मुदत कायदा, १९६३ च्या कलम १९ प्रमाणे त्याची लेखी नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची असावी लागते. आपण आपल्या सहीने दिलेली पावती इथे पुरत नाही. शिवाय वरच्या वाटणीत जूनच्या बिलाला एक रुपयाही गेलेला नाही, म्हणून त्याची मुदत या पैशांनी हलत नाही. तिथे कलम १८ उपयोगी पडतं: मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं, की त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते.

पावतीची ही काळजी महाराष्ट्राला जुनीच आहे. सन १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने, कुणब्याने मागितली नाही तरी प्रत्येक भरण्याची लेखी पावती देणं सावकारावर बंधनकारक केलं. तेव्हा कागदाची गरज देणाऱ्याला होती; आज छोट्या कारखानदारासारख्या घेणाऱ्यालाही तितकीच आहे.

तेव्हा पावतीच्या दोन प्रती काढा. खाली 'वरील ३०,००० रुपये मी दिले, वाटणी मान्य, २७,००० रुपये देणे बाकी आहे' अशी एक ओळ टाका, आणि त्याखाली व्यापाऱ्याची तारखेसह सही घेऊन एक प्रत आपल्या फाइलला लावा.